कोपराच्या घडीतील आणि गुडघ्याच्या लवणीतील इसब: मॉइश्चरायझर किती, केव्हा आणि कसे लावावे

कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत कोरडे, खरखरीत चट्टे उमटतात, संध्याकाळपासून त्यांची खाज वाढत जाते आणि रात्री झोपेतही हात तिकडेच जातो, अशी तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा इसबाची असते. त्वचारोगतज्ज्ञ या प्रकाराला ॲटोपिक डर्माटायटिस किंवा नुसते एक्झिमा म्हणतात. तान्ह्या बाळांमध्ये हे चट्टे प्रामुख्याने गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूवर दिसतात, आणि साधारण दोन वर्षांच्या वयानंतर ते सांध्यांच्या घड्यांकडे सरकतात. घरात कोणाला दमा असणे किंवा ऋतू बदलला की सतत शिंका येणे, हेही अशा रुग्णांच्या बाबतीत वारंवार आढळते.

ज्यांना इसबाचे निदान नुकतेच झाले आहे आणि ‘मॉइश्चरायझर लावत राहा’ एवढ्या सूचनेवर जे घरी परतले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उपचार फसण्याची मला दिसणारी मुख्य कारणे दोनच आहेत. एक तर मॉइश्चरायझर फारच थोडे लावले जाते, आणि दुसरे म्हणजे आधीच सुजून लाल झालेला चट्टा निव्वळ मॉइश्चरायझरने शमेल अशी अपेक्षा ठेवली जाते.

आधी निदानाची खात्री

घडीतला प्रत्येक खाजरा डाग इसब नसतो, आणि चुकीच्या निदानावर लावलेले औषध रोग वाढवते, म्हणून चट्ट्याकडे एकदा चांगल्या उजेडात नीट पाहावे. गजकर्णाची कड उठावदार, खवलेदार आणि गोलाकार असते, मधला भाग त्या मानाने स्वच्छ दिसतो आणि कड रोज थोडी बाहेर सरकते. इसबाच्या चट्ट्याला अशी रेखीव कड नसते. तो आजूबाजूच्या त्वचेत हळूहळू विरून जातो आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेभोवती बारीक पुटकुळ्या असतात आणि घरातल्या इतरांनाही खाज सुटलेली असते. सोरायसिस साधारणपणे कोपराच्या आणि गुडघ्याच्या बाहेरच्या, टणक बाजूवर जाड पांढुरक्या खपल्यांसह येतो.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर इसबाची लाली पुस्तकातल्या छायाचित्रांसारखी लालभडक दिसत नाही. ती करडी, जांभळट किंवा नुसती गडद दिसते, आणि कधी कधी चट्ट्याऐवजी केसांच्या मुळांशी उठलेले बारीक खरखरीत दाणेच तेवढे जाणवतात. त्यामुळे डोळ्यांइतकेच बोटांवर विसंबावे. डोळे मिटून घडीवरून बोट फिरवले आणि ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा खरखरीत किंवा जाड लागली, तर रंग फारसा बदललेला नसला तरी तिथे इसब अजून सक्रिय आहे असे समजावे. ही स्पर्शाची परीक्षा पुढे औषध थांबवतानाही लागणार आहे.

त्वचा कोरडी का पडते

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात चपट्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा स्निग्ध लेप चुन्यासारखा भरलेला असतो. इसब असलेल्यांमध्ये हा लेप अपुरा असतो. 2006 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे त्यामागचे एक ठळक कारण आहे. अर्थात प्रत्येक रुग्णात तो दोष असतोच असे नाही. फटी उघड्या राहिल्या की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरून साबण, घाम, धूळ आणि जंतू आत शिरून दाह निर्माण करतात. दाहामुळे खाज सुटते, खाजवल्यामुळे वरचा थर आणखी फाटतो, आणि फाटलेल्या जागी दाह वाढतो.

घड्यांमध्ये हे चक्र अधिक जोरात चालते, कारण तिथली त्वचा दिवसभर दुमडते, घाम साचतो आणि कापड घासते. जमिनीवर मांडी घालून बराच वेळ बसल्यावर किंवा रेक्झिनच्या खुर्चीवर अर्ध्या चड्डीत बसल्यावर गुडघ्याची लवण घामाने चिकट होते आणि उठताच खाज सुटते, हा अनेक मुलांचा रोजचा अनुभव असतो.

मॉइश्चरायझर या चक्रात एकच काम करते, ते म्हणजे उघड्या फटींवर तात्पुरता लेप देणे. हा लेप काही तासांत निघून जातो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. सुरू झालेला दाह विझवण्याची ताकद त्यात फारशी नसते, त्यासाठी वेगळे औषध लागते.

मॉइश्चरायझर निवडताना

औषधांच्या दुकानात लोशन, क्रीम आणि मलम अशी चढत्या स्निग्धतेची रूपे मिळतात. लोशनमध्ये पाणी जास्त असल्याने ते चटकन पसरते पण लवकर उडते. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन म्हणजे साधी पेट्रोलियम जेली सर्वांत चिकट असते आणि पाणी सर्वांत चांगले धरून ठेवते. क्रीम या दोहोंच्या मधले असते. ब्रिटनमध्ये 550 मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना करण्यात आली, तेव्हा चारही प्रकारांच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की जे मॉइश्चरायझर मूल कुरकुर न करता रोज लावून घेईल आणि जे पुरेशा प्रमाणात विकत घेणे परवडेल, तेच त्या घरासाठी योग्य. महागड्या छोट्या बाटलीतले थेंब मोजून लावण्यापेक्षा पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा सढळ हाताने वापरणे कधीही अधिक उपयोगी ठरते.

निवडताना एक अट मात्र कटाक्षाने पाळावी, ती म्हणजे सुगंध नसावा. वेष्टणावर ‘हर्बल’ किंवा ‘बेबी’ लिहिलेले असले तरी आत सुगंधी द्रव्ये असू शकतात, म्हणून घटकांची यादी वाचावी. युरिया असलेली क्रीमे जाड, कोरड्या त्वचेसाठी चांगली असली तरी भेगा पडलेल्या घडीवर ती झोंबतात. नवे क्रीम आधी हाताच्या आतल्या बाजूच्या निरोगी भागावर तीन-चार दिवस लावून पाहावे. फाटलेल्या त्वचेवर पहिली काही मिनिटे किंचित चुरचुरणे चालण्यासारखे आहे, परंतु लावलेल्या जागी नवे पुरळ उठले किंवा खाज तासाभरानंतरही वाढतच राहिली, तर ते क्रीम सोडून द्यावे.

तेलाविषयी विचारणा हमखास होते. शुद्ध, सुगंध न मिसळलेले खोबरेल तेल सौम्य कोरडेपणात वापरायला हरकत नाही. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल मात्र टाळावे, कारण ही तेले त्वचेच्या वरच्या थराची वीण सैल करतात असे अभ्यासांत दिसले आहे. हळद, लिंबू किंवा कडुनिंबाचा पाला वाटून भेगांवर लावल्याने जळजळ होते आणि दाह वाढतो, त्यामुळे आजीने प्रेमाने सुचवले तरी ते या त्वचेवर नको.

नेमके किती लागते

इसब असलेल्या व्यक्तीची चट्ट्यांबाहेरची त्वचाही कोरडी असते, म्हणून मॉइश्चरायझर सगळ्या अंगाला लावायचे असते. सर्वांगाला दिवसातून दोनदा लावायचे तर लहान मुलाला आठवड्याला सुमारे 250 ग्रॅम आणि प्रौढाला सुमारे 500 ग्रॅम लागते. हा आकडा ऐकून पालक दचकतात, पण तो दिवसावर आणला तर मुलासाठी रोज 35 ग्रॅम, म्हणजे एका वेळी 17 ते 18 ग्रॅम होतो. चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात साधारण 5 ग्रॅम क्रीम मावते, म्हणून एका वेळी साडेतीन चमचे, असा हिशेब लक्षात ठेवणे सोपे जाते. 100 ग्रॅमची बाटली महिनाभर पुरत असेल, तर औषध निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढण्याआधी प्रमाणाकडे पाहावे.

खर्च झेपत नसेल तर क्रम ठरवून घ्यावा. घड्या आणि संपूर्ण हातपाय यांना दोन्ही वेळा लावावे आणि पाठपोटाला अंघोळीनंतर एकदाच लावावे. घड्यांपुरते ठिपके लावणे मात्र पुरेसे होत नाही, कारण पुढचा चट्टा बहुतेक वेळा जुन्या चट्ट्याच्या शेजारीच उठतो.

अंघोळ आणि त्यानंतरची तीन मिनिटे

अंघोळ रोज केली तरी चालते, किंबहुना घाम आणि जुनी खपली निघून जाण्यासाठी ती करावीच. मात्र पाणी कोमट असावे आणि वेळ पाच ते दहा मिनिटांचा असावा. कडकडीत पाणी खाजेवर क्षणभर सुखद वाटते आणि तासाभरात ती दुप्पट करते. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू 9 ते 10 च्या आसपास असतो, तर त्वचेचा नैसर्गिक सामू 5 च्या जवळपास आम्लधर्मी असतो. म्हणून साबणाऐवजी सौम्य, सुगंधरहित सिंडेट, म्हणजे साबणाविना बनवलेली वडी, किंवा क्लेन्झर वापरावा आणि तोही काखा, जांघा, पाय अशा गरजेच्या जागांपुरता. जंतुनाशक साबण, वज्री आणि घासणी यांना या त्वचेच्या वाटेला जाऊ देऊ नये. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात उटणे लावून खसखसून घासल्यावर दुसऱ्या दिवशी इसब उफाळणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्या पहाटे कोमट खोबरेल तेलाने हलका अभ्यंग करून उटणे वगळले तर सणही होतो आणि त्वचाही राखली जाते.

बोअरच्या जड पाण्याबद्दल अनेकांना शंका असते. जड पाण्याच्या भागात इसब अधिक आढळते असे निरीक्षण आहे, पण ब्रिटनमध्ये मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे बसवून केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या यंत्रांचा इसबावर अतिरिक्त फायदा दिसला नाही. तेवढे पैसे मॉइश्चरायझरवर खर्च करावेत असे माझे मत आहे.

अंघोळीनंतर मऊ सुती पंचाने अंग टिपून घ्यावे, पुसू नये, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच, म्हणजे साधारण तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे. डब्यात बोटे घालू नयेत, त्यामुळे आत जंतू जातात आणि पुढच्या वेळी तेच भेगांवर लागतात. स्वच्छ चमच्याने लागेल तेवढे बशीत काढून घ्यावे. ते तळहातांवर पसरून मऊ झाले की खांद्यापासून मनगटाकडे आणि मांडीपासून घोट्याकडे, लव ज्या दिशेने वळलेली असते त्याच दिशेने, लांब हलक्या हातांनी ओढत न्यावे. गोल गोल चोळल्याने केसांची मुळे बुजून पुटकुळ्या येतात आणि चोळण्यामुळेच खाजही चाळवते. घडीला लावताना हात किंवा पाय सरळ ठेवावा, नाहीतर दुमडीच्या आतल्या रेषा कोरड्याच राहतात. लावल्यावर दोन-तीन मिनिटे तो तसाच सरळ राहू द्यावा. त्वचा ओली चमकदार दिसली पाहिजे आणि हळूहळू तो लेप आत मुरला पाहिजे. लावल्या लावल्या ती कोरडी दिसत असेल तर प्रमाण कमी पडले आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अत्यंत आवश्यक आहे. पॅराफिनच काय, कोणतेही स्निग्ध मॉइश्चरायझर कपड्यांत आणि चादरीत मुरते, आणि असे कापड आगीच्या संपर्कात आले तर फार वेगाने पेटते; साध्या धुण्याने ते पूर्ण निघतही नाही. देवघरातली समई, गॅसची शेगडी, फटाके आणि सिगारेट यांच्या जवळ असे कपडे घालून जाऊ नये. त्याचप्रमाणे फरशीवर सांडलेले क्रीम लगेच पुसावे, कारण न्हाणीघरात पाय घसरण्याची भीती असते.

इसब उफाळल्यावर

चट्टा लाल किंवा जांभळट होऊन उठला, खाजेने झोप मोडू लागली, की मॉइश्चरायझर चालू ठेवून डॉक्टरांनी दिलेले दाहशामक मलम सुरू करावे. बहुधा ते स्टेरॉइड मलम असते. हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य असेल किंवा मोमेटासोनसारखे अधिक तीव्र, ते कोणते, किती दिवस आणि दिवसातून एकदा की दोनदा, हे वय, चट्ट्याची जाडी आणि जागा पाहून डॉक्टरच ठरवतात. ते लावायचे माप सोपे आहे. नळीतून मलम मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरावरच्या रेषेपर्यंत काढले की ते साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे मलम मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मॉइश्चरायझर आणि हे मलम यांच्यात पंधरा ते तीस मिनिटांचे अंतर ठेवावे, म्हणजे मलम पातळ होऊन भलत्या जागी पसरत नाही.

स्टेरॉइडबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही पालक भीतीपोटी ते लावतच नाहीत किंवा दोन दिवसांत थांबवतात, आणि आत धुमसत राहिलेला दाह पुन्हा वर येतो. दुसरीकडे, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली नळी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने लावली जाते. त्याने त्वचा पातळ होते, पांढुरके डाग आणि ताणाच्या रेषा पडतात, आणि मूळ रोग गजकर्ण असेल तर तो रूप बदलून पसरतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या ‘एच’ अनुसूचीत आणली, ती याच गैरवापरामुळे. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचे मलम सांगितलेले दिवस लावणे सुरक्षित असते.

औषध थांबवण्याची वेळ डोळे मिटून ठरवावी, असे मी आग्रहाने सांगेन. घडीवरून बोट फिरवल्यावर ती जागा शेजारच्या त्वचेइतकी मऊ लागली आणि खाज थांबली, की दाह शमला. मागे राहिलेला काळसर किंवा फिकट डाग हा दाहाची केवळ खूण असतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. त्याच्यासाठी स्टेरॉइड लावत राहिल्याने फायदा काहीच होत नाही, नुकसान मात्र होते. उलट लाली गेली म्हणून तिसऱ्याच दिवशी थांबवले आणि जागा अजून खरखरीत असेल, तर आठवड्याभरात चट्टा परत येतो.

एक उदाहरण, तपशिलासह

डिसेंबरमधल्या नाशिकच्या थंडीत चौथीत शिकणाऱ्या, नऊ वर्षांच्या मुलीचे उदाहरण घेऊ. दोन्ही कोपरांच्या घड्या आणि दोन्ही गुडघ्यांच्या लवणी खरखरीत, जांभळट झालेल्या आहेत आणि ती रात्री तीन-चार वेळा खाजेने उठते. घरात 100 ग्रॅमची लोशनची बाटली आहे, ती दोन महिने पुरली, म्हणजे दिवसाला दोन ग्रॅमही लागत नव्हते. अंघोळ गिझरच्या गरम पाण्याने, साबण सर्वांगाला, आणि शाळेचा लोकरीचा स्वेटर थेट उघड्या हातांवर. दुकानातून आणलेल्या तीन-औषधी नळीने चार दिवस बरे वाटले, ती थांबवल्यावर चट्टे परत आले. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून गजकर्ण नसल्याचे पाहिले आणि मध्यम ताकदीचे एक स्टेरॉइड मलम रात्री एकदा, दहा दिवस, असे लिहून दिले.

आता हिशेब पाहू. प्रत्येक चट्टा आईच्या अर्ध्या तळहाताएवढा आहे, म्हणजे चार जागांचे मिळून दोन तळहात झाले. त्याला तर्जनीच्या पेराएवढे एकच माप, अर्धा ग्रॅम मलम पुरते. दहा दिवसांचे पाच ग्रॅम झाले. त्याच दहा दिवसांत मॉइश्चरायझर मात्र दिवसाला 35 ग्रॅमप्रमाणे साडेतीनशे ग्रॅम लागेल. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कशात हात सैल सोडायचा आणि कशात मोजून लावायचे, हे स्पष्ट होते.

दिनक्रम असा बसवता येतो. सकाळी सात मिनिटांची कोमट अंघोळ, टिपून लगेच साडेतीन चमचे क्रीम सर्वांगाला, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि मग स्वेटर. शाळेतून आल्यावर घड्या साध्या पाण्याने धुऊन, टिपून, तिथे पुन्हा थोडे क्रीम. रात्री साडेआठला सर्वांगाला दुसरा हात आणि नऊला चट्ट्यांवर मलम. नखे दर तीन-चार दिवसांनी कापायची. खाज अनावर झाली तर खाजवण्याऐवजी थंड पाण्यात पिळलेला सुती रुमाल पाच-दहा मिनिटे घडीवर ठेवायचा आणि नंतर क्रीम लावायचे. ‘खाजवू नकोस’ असे सतत टोकण्याने मुलाची चिडचिड तेवढी वाढते. हाताला दुसरे काही काम देणे अधिक उपयोगी पडते.

तिसऱ्या-चौथ्या रात्री मुलगी एखाद्याच वेळी उठेल, हे सुधारणेचे पहिले लक्षण, आणि ते रंग बदलण्याच्या आधी दिसते. आठवड्याअखेर लाली गेलेली असेल पण कोपराच्या घडीतल्या आडव्या रेषा अजून जाड लागतील, म्हणून मलम थांबवायचे नाही. दहाव्या दिवशी चारही जागा मऊ लागल्या तर मलम थांबवून मॉइश्चरायझर तसेच चालू ठेवायचे. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत झोपेत काहीच फरक पडला नाही, किंवा चट्टे वाढले, तर स्वतःच्या मनाने मलमाचे प्रमाण न वाढवता पुन्हा डॉक्टरांना दाखवायचे, कारण अशा वेळी जंतुसंसर्ग, क्रीमचीच ॲलर्जी किंवा निदान चुकले असण्याची शक्यता असते.

या मुलीचे दूध, अंडी आणि वांगी बंद करण्याचा सल्ला नातेवाईक देतील. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा उलट्या होत असतील, तर तशी तपासणी अवश्य करावी. परंतु निव्वळ घड्यांतल्या इसबासाठी वाढत्या वयाच्या मुलाचे दूध-अंडी तोडल्याने पोषणाचे नुकसान होते आणि त्वचेत बहुधा काही फरक पडत नाही.

थांबू नये अशी लक्षणे

चट्ट्यातून लस वाहू लागली, मधासारखी पिवळट खपली धरली, पू दिसला किंवा जागा गरम आणि दुखरी झाली, तर जंतुसंसर्ग झाला आहे असे समजून एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जावे. एकसारख्या आकाराच्या, दुखऱ्या, पाणीदार पुटकुळ्यांचे पुंजके अचानक उठले, त्या फुटून खोल गोल खळगे पडू लागले आणि ताप आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नागिणीशी नात्याने जोडलेल्या हर्पिस विषाणूचा हा संसर्ग इसबाच्या त्वचेवर झपाट्याने पसरतो आणि डोळ्यांपर्यंत पोहोचला तर दृष्टीला धोका असतो. घरात कोणाच्या ओठावर तापाचे फोड आलेले असतील, तर त्यांनी इसब असलेल्या बाळाचा मुका घेऊ नये, हे त्यासाठीच.

चट्टे गेल्यानंतर

दिसण्यात त्वचा पूर्ववत झाली तरी आतला दाह आणि वरच्या थरातील उणीव काही काळ राहते, त्यामुळे मॉइश्चरायझर रोज दोनदा चालू ठेवणे हाच पुढचा उफाळा लांबवण्याचा मुख्य मार्ग आहे. ज्यांना दर महिन्या-दीड महिन्याने त्याच घड्यांत चट्टे उठतात, त्यांना डॉक्टर आठवड्यातले ठरावीक दोन दिवस त्या जागी स्टेरॉइड लावण्याची पद्धत किंवा टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम सुचवतात. टॅक्रोलिमस दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी 0.03 टक्के आणि त्याहून मोठ्यांसाठी 0.1 टक्के या प्रमाणात मिळते. सुरुवातीचे काही दिवस ते लावल्यावर चुणचुणते, हे आधीच माहीत असले म्हणजे घाबरून ते अर्ध्यावर सोडले जात नाही.

ऋतूप्रमाणे मॉइश्चरायझरचे रूप बदलावे. विदर्भातल्या आणि घाटमाथ्याच्या पलीकडच्या कोरड्या हिवाळ्यात मलम किंवा जाड क्रीम चांगले टिकते. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत तेच जाड मलम घाम कोंडून घामोळे आणि पुटकुळ्या आणते, म्हणून दिवसा हलके क्रीम किंवा लोशन आणि रात्री पंख्याखाली थोडे जाड क्रीम, अशी विभागणी बरी पडते. वातानुकूलित कार्यालयात दिवस काढणाऱ्यांची त्वचा भर उन्हाळ्यातही हिवाळ्यासारखी कोरडी पडते. त्यांनी दुपारच्या जेवणाआधी घड्यांना एक हात लावावा आणि त्यासाठी छोटी डबी टेबलाच्या खणात ठेवावी. नवा डबा उघडताना त्यावर तारीख लिहून ठेवली, तर तो किती दिवसांत संपला यावरून रोजचे प्रमाण काढता येते, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही तेवढ्याच नेमकेपणाने सांगता येते.